काळी साल, करडा गर

सकाळी पावणेसातला व्हॉट्सॲपवर तीन फोटो येऊन पडले होते. खाली एकच ओळ: "मॅडम, माल सडका आलाय, 120 पेट्या परत घ्या."

मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आयात फळांची क्वालिटी बघते. फोटो पाठवणारा मुलगा आमच्या एका गिऱ्हाइकाच्या गोदामात रिसीव्हिंगला होता. माल हास ॲव्होकॅडोचा, चार किलोच्या पेट्यांचा. पहिल्या फोटोत अख्खं फळ होतं, काळंभोर. मी चहा पिता पिता मनात म्हटलंसुद्धा, अरे, हे तर तयार फळ आहे, आजच विक. ही माझी पहिली चूक.

दुसरा फोटो कापलेल्या फळाचा. आडवं कापलेलं, पूर्ण तपकिरी. असा फोटो मला काहीच सांगत नाही. कापलेला ॲव्होकॅडो हवा लागली की वरून तपकिरी पडतोच, सफरचंदासारखा. म्हणून त्याला म्हटलं, "नवीन फळ घे, देठापासून खालपर्यंत उभं काप आणि मिनिटभरात फोटो काढ. फ्लॅश बंद ठेव, खिडकीशी जा, शेजारी कोरा कागद ठेव. आणि जुन्या फोडीवरून सुरीने एक पातळ थर खरवडून बघ."

खरवडल्यावर खालचा गर हिरवा-पिवळा निघाला असता तर वाद तिथेच मिटला असता. पण खालीही करडा. म्हणजे बिघाड खरा होता. तो कुणाचा, हे उभ्या कापातून कळणार होतं.

बुरशीने देठाकडून सड लागली असेल तर काळपट डाग देठाशी सुरू होतो आणि खाली उतरतो. ती बहुतेक वेळा बागेतूनच फळासोबत आलेली असते, म्हणजे जबाबदारी आमच्याकडे. इथे देठाकडचा गर मात्र स्वच्छ होता. करडेपणा खालच्या टोकाला, कोयीच्या बुडाभोवती, कडा नसलेला, धुरकट. त्यातून उभे दोन-तीन तपकिरी दोरे गेलेले. हे थंडीने मारलेलं फळ.

मग साल पुन्हा पाहिली, आता दिवसाच्या उजेडातली. हास पिकतो तेव्हा खरबरीत सालीचा हिरवा रंग सगळीकडून जांभळ्याकडे आणि मग काळ्याकडे सरकतो. या फळावर हिरव्यावर शाई उडावी तसे काळे चट्टे होते, मधला हिरवा तसाच. फ्लॅशमध्ये दोन्ही एकच काळं दिसलं होतं. "दाबून बघ," म्हटलं. "एका बाजूला मऊ, दुसरीकडे दगड," तो म्हणाला.

आमच्याकडे त्याच लॉटची दहा फळं नमुना म्हणून 20 अंशांवर ठेवलेली असतात. पाच कापली. गर लोण्यासारखा, एकही दोरा नाही. कंटेनरच्या लॉगरची नोंदही 6 अंशांच्या आसपास. मग विचारलं, "ठेवलीस कुठे?"

"दह्याच्या खोलीत. 2 अंश. आठ दिवस झाले." लगेच पुढे, "पण मॅडम, तिथेच पेअर आणि किवी आहेत, ते ठणठणीत आहेत. मग खोली कशी चुकली?"

प्रश्न बिनतोड वाटावा असाच होता. किवी आणि पेअर साधारण 0 अंशालाच सुखात राहतात. ॲव्होकॅडोचं तसं नाही, आणि सगळ्यात नाजूक तो अर्धवट पिकत असतानाच. पूर्ण पिकलेला तेवढी थंडी थोडे दिवस सोसतो. त्यांनीच मागणी केली म्हणून आम्ही फळं रंग फिरलेल्या अवस्थेत पाठवली होती. चलनावर तापमान लिहिलं नव्हतं. तो रकाना आमच्याकडून रिकामा गेला, हे मला तेव्हाच दिसलं आणि बरं वाटलं नाही.

"ठणठणीत" हा शब्द मात्र मी तसाच घेतला नाही. पेअर आतून बाहेर पिकतो. साल हिरवी, गुळगुळीत राहून गाभा तपकिरी झालेला मी अनेकदा पाहिलाय, म्हणून त्याला मानेशी, देठाजवळ दाबायला सांगितलं आणि दोन उभे कापायला लावले. गाभा पांढराच होता. किवीची तपकिरी साल तर पिकल्यावरही तशीच राहते, फोटोवरून काही कळत नाही. कापल्यावर हिरवा गर काचेसारखा ओलसर, पारदर्शक दिसला तर फळ गेलं. त्याचा गर अजून घट्ट, धुरकट हिरवा होता.

दुपारी दोन्हीकडच्या मॅनेजरांचं बोलणं झालं. नुकसान निम्मं-निम्मं ठरलं. उरलेल्या पेट्यांतली नरम, एकसारखी काळी फळं वेगळी काढून त्याच दिवशी ज्यूसवाल्याला गेली, चट्टे पडलेली टाकली. संध्याकाळी त्या मुलाचा आणखी एक फोटो आला, दह्याच्या खोलीच्या दाराचा. त्यावर मार्करने मोठं लिहिलेलं: "ॲव्होकॅडो नको."

मी उत्तर दिलं, "पिकलेला चालेल, दोन-तीन दिवस."

"मॅडम, एवढं लिहायला जागा नाही," तो म्हणाला.