चौदा टक्क्यांची गाडी

"साहेब, तुमचंही चौदा आणि त्यांचंही चौदाच. मग तुमच्याकडे दोन जामीनदार कशाला आणायचे?"

हडपसरला आमची पतसंस्था आहे, कर्जाचं टेबल माझ्याकडे. शनिवारी दुपारी पिग्मी एजंटांच्या भरण्याची गडबड चालू असताना एक पोरगा समोर येऊन बसला. लातूरकडचा. जेवणाच्या डिलिव्हरीची पिशवी मांडीवर, हातात जुन्या गाड्यांच्या यार्डातला कागद. बाहेरच्या बोर्डावर आमचा व्याजदर वाचूनच आत आला होता. भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर काम करत होता, रोजचे दोनशे रुपये भाडं. त्यापेक्षा हप्त्यावर स्वतःची गाडी परवडेल, हा त्याचा हिशोब. तो बरोबरच होता.

कागदावर २०१९ची स्प्लेंडर, किंमत ५५,०००, फायनान्स ४५,०००, हप्ता २,४०० गुणिले चोवीस. खाली 'भरणा १६,०००'. पंचावन्नातून पंचेचाळीस गेले तर दहा उरतात, मग वरचे सहा हजार कशाचे? हे त्याने विचारलं नव्हतं. यार्डात कोणीच विचारत नाही, कारण तोवर गाडी चालवून पाहिलेली असते आणि मन तिच्यावर बसलेलं असतं.

मी कागद पालथा घालून त्याला आकडे मांडून दाखवले. यार्डातल्या फायनान्स कंपनीचे चौदा टक्के फ्लॅट, म्हणजे ४५,००० वर वर्षाला ६,३०० आणि दोन वर्षांचे १२,६००. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण पंचेचाळीसवरच. आमचे चौदा शिल्लक रकमेवर, म्हणून तेवढ्याच कर्जाला हप्ता २,१६० च्या आसपास आणि दोन वर्षांचं व्याज सात हजारांच्या आत. त्यांच्या पद्धतीचा दर आमच्या भाषेत आणला तर पंचवीस टक्क्यांना टेकतो. तेही कपाती सोडून. फाइल चार्ज २,५००, कर्जाचा विमा १,१०० आणि पहिला हप्ता आगाऊ २,४००, हेच ते सहा हजार. म्हणजे हातात प्रत्यक्ष ३९,००० येणार आणि फेडायचे अजून तेवीस हप्ते. हे धरून काढलं की दर सदतीस टक्क्यांवर जातो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जाला सगळा खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं एक पत्रक आधी द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याला ते मिळालं होतं का? "मोबाइलवर काहीतरी लिंक येईल म्हणाले, मग ओटीपी सांगायचा." नियम पाळला जातो तो असा.

आता आमची बाजूही सांगतो. आमच्या अर्जात 'नोकरीचे ठिकाण व शिक्का' असा रकाना आहे. याला शिक्का कोण देणार? कंपनीच्या लेखी तो नोकर नाहीच. मी त्याचं बँक स्टेटमेंट काढायला लावलं. दर आठवड्याला ठरल्या दिवशी पैसे जमा. पावसाळ्यात जास्त, गावी गेला त्या दोन आठवड्यांत शून्य. बाकीचा खर्च आणि भाडं वजा केलं तरी हप्त्याला जागा होती. आमच्या संचालकांना मात्र कारखान्यातला परमनंट माणूस दिसला की धीर येतो, मग त्याच्या पगारातून आधीच तीन संस्थांची कपात का होत असेना. जामीनदार म्हणून त्याने आणलेला रूममेटही डिलिव्हरीवालाच. तो आमच्या नियमात बसला नसता. शेवटी ज्या खाणावळीत जेवतो तिथल्या काकू आमच्या जुन्या सभासद निघाल्या आणि त्यांचे यजमान महापालिकेत कायम निघाले. दोघांनी सह्या केल्या. लहान कर्ज असल्याने अध्यक्षांच्या अधिकारात मंजूर झालं.

चेक लिहिण्याआधी मी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला. मालकाच्या नावाची अर्धी अक्षरं दिसली, त्याखाली एका फायनान्स कंपनीचं नाव. म्हणजे पहिल्या मालकाचा बोजा अजून आरसीवर होता. कर्ज फिटलं असेलही, पण आरसीवरून बोजा उतरवायला कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि तो उतरल्याशिवाय किंवा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी पुढे नावावर होत नाही.

मी त्याच्याबरोबर यार्डात गेलो. सहसा जात नाही. यार्डाच्या शेठने ड्रॉवरमधून गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० काढून दाखवले. विकणाऱ्याच्या सह्या होत्या, घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीखही कोरी. एनओसीचं विचारलं तर "येतेय, महिनाभरात." एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आली की तसं ऑनलाइन कळवायचं असतं. त्याचं अधिकारपत्र विचारल्यावर शेठने चहा मागवला.

मी सांगितलं, एनओसी हातात आली की चेक देतो. तर म्हणाला, "साहेब, संस्थेचा चेक असेल तर गाडी साठला पडेल. पंचावन्न हा फायनान्सचा भाव आहे." उधारीत स्वस्त आणि रोखीत महाग! फायनान्स कंपनी त्याला प्रत्येक फाइलमागे कमिशन देते, ते आमच्याकडून बुडतं, म्हणून. वर मला समजावलं, "तुम्ही महिन्याला किती गाड्या करता? ते पोरांना तासाभरात चावी देतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तेही खरं होतं. आमच्याकडे आठवडा मोडला होता आणि तेवढे दिवस पोरगा भाडं भरतच होता.

आरसी दुसऱ्याच्या नावावर राहिली तर काय, हे मी त्याला तिथेच सांगितलं. पोलिसांनी गाडी उचलली तर सोडवायला मालक शोधा. गाडी चोरीला गेली तर विमा जुन्या माणसाच्या नावाचा, दावा अडतो. आणि घरगुती वापराच्या पॉलिसीवर डिलिव्हरी करणं हा वेगळाच घोळ आहे. तो नुसता ऐकत होता. मग स्प्लेंडरवरून उठला आणि मागच्या रांगेतल्या गाड्यांचे नंबर स्वतःच्या मोबाइलवर एकेक टाकून बघू लागला. मी तसं करायला सांगितलं नव्हतं.

बोजा नसलेली २०१७ची एक ॲक्टिव्हा सापडली. मालक कोथरूडचे निवृत्त गृहस्थ. शेठने त्यांना फोन लावला, ते दुसऱ्या दिवशी आरसी, आधार घेऊन आले आणि आमच्यासमोर सह्या केल्या. चासी नंबरवर कागद धरून आम्ही पेन्सिल घासली, आकडे आरसीशी जुळले. मागचा टायर गुळगुळीत होता, तेवढे बाराशे पोऱ्याने पाडून घेतले. आमचा चेक आहे म्हटल्यावर शेठ पुन्हा कुरकुरला, पण जुनी गाडी लवकर हलत नव्हती म्हणून ४८,००० ला तयार झाला. कर्ज ३६,०००, हप्ता १,७३०. फॉर्म ३४ वर आमचा बोजा चढला आणि गाडी त्याच्या नावावर झाली.

स्प्लेंडर त्याच आठवड्यात गेली. यार्डावरून जाताना विचारलं, तर अशाच एका डिलिव्हरीवाल्या पोराने घेतली, फायनान्सवर. एनओसी? "येतेय."

संचालक मंडळाला मी टिपण दिलंय: शिक्क्याऐवजी सहा महिन्यांचं स्टेटमेंट धरावं आणि तीस-चाळीस हजारांपर्यंत एकच जामीनदार पुरेसा मानावा. उत्तर आलं, पुढच्या सभेत बघू. पोरगा हप्ते वेळेवर भरतोय, पण एकाच्या भरण्यावर मंडळ धोरण बदलत नाही आणि त्यात त्यांचं अगदीच चुकतं असंही मला म्हणता येत नाही. पैसा सभासदांच्या पिग्मीचा आहे. त्याचा तो रूममेट परवा अर्ज देऊन गेलाय. त्याच्यासाठीही सही करा म्हणून काकूंकडे गेला होता. त्या म्हणाल्या, एकाची केली तेवढी पुरे. गाडी पाहून ठेवलीय, बोजा नाही, मालक समोर यायला तयार आहे. यार्डातून त्याला रोज फोन येतो.