अण्णांचा चारचा चहा

मुलीने वडिलांना लिहिलेलं पत्र, पाठवण्याआधी एकदा बघून द्या म्हणून कुणी माझ्यासमोर ठेवावं, असं एरवी होत नाही. मी कोल्हापुरात एका मधुमेह क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ आहे. माझ्या टेबलावर रिपोर्ट येतात, औषधांच्या चिठ्ठ्या येतात, कधी घरचा डबाही येतो. ही मुलगी पुण्यात शिक्षिका आहे. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय ६८, गावाकडे थोडा ऊस. तिची अडचण अशी की फोनवर चहाचा विषय काढला की अण्णा फोन आईच्या हातात देतात. पत्र मात्र ते वाचतात, पुन्हा वाचतात आणि कपाटात जपून ठेवतात. म्हणून पत्र. (तिच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पहिल्या मसुद्यात नुसती भीती होती. डोळे जातील, किडनी जाईल, पाय कापावा लागेल, आणि शेवटी ‘उद्यापासून चहात साखर पूर्ण बंद, तुम्हाला माझी शपथ.’ ज्याला बारा वर्षं मधुमेह आहे त्याने हे सगळं ऐकून झालेलं असतं. आमच्याकडे भिंतीवर तसले तक्ते लावलेत, त्यांच्याकडे पाठ करूनच लोक बसतात. मी तिला म्हटलं, यात अण्णांचा स्वतःचा एकही आकडा नाही. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब जुळवलेल्या माणसाला हिशेबच पाठवू या.

पहिला हिशेब साखरेचा. ‘किती चमचे घेता’ या प्रश्नाला खरं उत्तर कधीच मिळत नाही, कारण आपल्याकडे साखर कपात पडतच नाही, ती पातेल्यात पडते, आणि तीही अंदाजाने. पोहे खायच्या चमच्याने शीग लावून घेतलेली साखर वजनकाट्यावर सात-आठ ग्रॅम भरते. सपाट लहान चमचा असेल तर चार-पाच. त्यामुळे मी चमचे विचारत नाही, महिन्याच्या किराण्यात साखर किती येते ते विचारते. या घरी माणसं दोन आणि साखर पाच किलो. म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. पाहुणे, सणवार, आईचा अर्धा कप सगळं वजा केलं तरी अण्णांच्या पाच कपांत मिळून ७५ ग्रॅम तरी जात होती. कपाला पंधरा.

दुसरा हिशेब रक्ताचा. घरी ग्लुकोमीटर होता, पण तो आजारी पडल्यावरच बाहेर निघायचा. मी आईंना फोनवर समजावलं: अण्णा पहाटे साडेपाचला उठतात, तेव्हा चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर तासाने एकदा, मध्ये बाकी काही खायचं नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, कारण बोटाला साखरेचा किंवा गुळाचा कण चिकटलेला असला तरी मीटर भलताच आकडा दाखवतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं, दुखणं कमी होतं. नेहमीच्या चहाच्या दिवशी १४८ चे २१४ झाले. दुसऱ्या दिवशी तेवढाच दुधाचा, पण बिनसाखरेचा चहा दिला, तेव्हा १४४ चे १६२. दुधातही साखर असतेच, त्यामुळे थोडं चढणारच.

या दोन ओळी बघितल्यावर मी त्यांचे जुने लॅब रिपोर्ट पुन्हा काढले. तिथे उपाशीपोटीची साखर २०५, १९८, २११. घरचे आकडे दीडशेच्या आत आणि लॅबचे दोनशेच्या आसपास, एवढी तफावत मीटरच्या चुकीची नसते. आईंना विचारलं, लॅबला जायच्या दिवशी सकाळी काय घेतात? ‘काही नाही हो, फक्त चहा घेऊन जातात.’ लॅबमध्ये काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘उपाशी आहात ना?’ अण्णा म्हणतात, ‘हो.’ ते खोटं बोलत नाहीत. एकादशीलाही चहा चालतो, मग चहा म्हणजे खाणं कसं? चीड येते ती त्या काउंटरवरच्या प्रश्नाची. ‘पाण्याशिवाय काही पोटात गेलंय का? चहा?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

आणि हे एवढ्यावर संपत नव्हतं. त्या आकड्यांवरून सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी एक मिलिग्रॅमची दोन झाली होती. डॉक्टरांसमोर तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ८.६ होतं, त्यामुळे त्यांचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, समोर अन्न असो वा नसो. मधुमेहावरचं दुसरं नेहमीचं औषध मेटफॉर्मिन तसं नाही, ते एकटं असेल तर साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं, आणि उतारवयात ते जास्त जपून द्यावं लागतं.

म्हणून मी मुलीला विचारलं, चारचा चहा लांबला तर अण्णांचं काय होतं? ती हसली. ‘घर डोक्यावर घेतात. हात थरथरतात, घाम येतो, आईवर ओरडतात. तलफच तशी आहे.’ घरात हे सगळ्यांना पाठ होतं, आईंनी तर दुपारची झोपही त्या वेळेला बांधून घेतली होती. मी म्हटलं, उद्या त्या वेळी चहाच्या आधी बोट टोचा. दुपारी एक भाकरी खाऊन ते शेताकडे जाऊन आलेले. मीटरवर आकडा आला ६६.

मधुमेहात सत्तरच्या खाली गेलं की साखर उतरली असं आम्ही धरतो. म्हणजे ती तलफ नव्हती. पहाटेच्या गोड चहाने लॅबचा आकडा फुगवला, फुगलेल्या आकड्याने गोळी वाढवली, वाढलेल्या गोळीने दुपारी साखर खाली ओढली आणि चारचा गोड चहा तिला कसाबसा वर काढत होता. आणि माझ्यासमोरच्या पत्रात लिहिलं होतं, उद्यापासून साखर पूर्ण बंद. ते पत्र पोहोचलं असतं, अण्णांनी लेकीची शपथ पाळली असती, गोळी मात्र तीच राहिली असती, तर एखाद्या दुपारी ते उसाच्या बांधावर एकटे असताना काय झालं असतं, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

गोळी कमी करणं माझ्या हातात नाही. मी तिला पत्र थांबवायला सांगितलं आणि सगळे आकडे एका कागदावर मांडून डॉक्टरांकडे दिले. त्यांनी गोळी पुन्हा एक मिलिग्रॅमवर आणली, दुपारी दोन भाकऱ्या आणि आमटी पोटात गेलीच पाहिजे असं बजावलं, आणि मग साखर कमी करायला सांगितलं. क्रम हाच हवा होता. ‘साखर बंद करा’ हे वाक्य आमच्याकडे सर्रास फेकलं जातं, पण पेशंट कोणत्या गोळीवर आहे हे न बघता ते बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतर तिने पत्र नव्याने लिहिलं. त्यातला काही भाग:

‘अण्णा, सा. न.

तुमचा चहा मी बंद करायला निघाले नाही. त्यातली साखर काढायची आहे, का ते सांगते. आपल्या सगळ्या रक्तात मिळून, साखर शंभर असते तेव्हा, साधारण पाच ग्रॅम साखर असते. म्हणजे एक सपाट चमचा. तुमच्या एका कपात त्याच्या तिप्पट असते, आणि ती पातळ असल्यामुळे पोटात अडत नाही, लगेच रक्तात येते. शरीराला ती बाजूला सारायला वेळ लागतो, तोवर पुढचा कप आलेला असतो. पहाटे १४८ चे २१४ झाले ते तुम्हीच बघितलेत. साखर १८० च्या वर गेली की ती लघवीतून पडायला लागते. रात्री तीनदा उठावं लागतं ते त्यामुळे असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले.

गुळाचा चहा घेऊ का, असं तुम्ही आईला विचारलंत. आपल्या गुळाला मी कधी नावं ठेवणार नाही. पण गुऱ्हाळावर उसाचा रस आटवताना तुम्हीच दाखवलंय, कढईत उरते ती साखरच. रक्ताला दोन्ही सारखेच.

आई आता पातेल्यात साखर टाकणार नाही. तुमच्या कपात वरून, सपाट चमच्याने. या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात दीड, मग एक, मग अर्धा. आलं आणि गवती चहा वाढवायचा.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. थरथर सुटली, घाम आला, डोकं हलकं झालं तर ती तलफ समजू नका. मीटर जवळ असेल तर बघा, नसेल तर वाट बघू नका. तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात ढवळून पिऊन टाका. चहा नको, तो गरम असतो, फुंकर मारत पिण्यात वेळ जातो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सत्तरच्या खाली असेल तर परत तेवढंच प्या. बरं वाटलं की काहीतरी खा. शेतात जाताना साखरेची पुडी खिशात हवीच. ती साखर औषध आहे, तिला मी आडवी येणार नाही.

लॅबला जाल तेव्हा मात्र पाण्याशिवाय काही नको. चहा थर्मासमध्ये घेऊन जा, रक्त दिलं की तिथेच प्या.’

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. मला ते सुचलं नसतं, आणि अण्णांनी सगळ्यात आधी पाळलं तेही तेच. पुढच्या तपासणीत खरी उपाशीपोटीची साखर १३१ आली, तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.५. गोळी निम्मी असूनही. या वयात, साखर उतरण्याचा धोका असलेल्या माणसाला डॉक्टर आणखी खाली रेटायला तयार नाहीत, आणि मलाही ते पटतं.

घरचा किराणा पाच किलोंवरून दीडवर आला आहे, त्यातली बरीचशी पाहुण्यांना लागते. अडलंय ते अकराच्या कपावर. तो स्टँडजवळच्या टपरीवरचा, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींसोबतचा. टपरीवाल्याचं एकच पातेलं, साखर आधीच उकळलेली, एका माणसासाठी वेगळा चहा तो का ठेवेल? मुलगी म्हणते टपरी सोडवा. मी अण्णांना एवढंच सांगितलंय की तिथे अर्धा कप घ्या आणि सोबत खारी नको. त्या अर्ध्या कपानंतरचे आकडे आईंनी मला पाठवायचे ठरलं आहे. ते आले की त्या टपरीचं काय ते ठरवू.