आमची वाटचाल: फॉर्म भरायला चार मिनिटे

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही फाउंड्र्यांसाठी लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचा साचा उठवतात ते नमुने, बनवतो. गिऱ्हाइके वाढली तशी प्रत्येकाची अडचण फोनवर विचारणे जमेना, म्हणून फॉर्म पाठवू लागलो. मोल्डिंगचा सुपरवायझर दोन कामांच्या मध्ये मोबाइल काढतो आणि मेसेजच्या वरच्या दोन ओळीच बघतो. किती वेळ लागेल, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे तिथेच दिसले पाहिजे.

वेळेचा आकडा आम्ही अंदाजाने लिहीत नाही. फॉर्म आधी न पाहिलेल्या दोघांना तो मोबाइलवर भरायला देतो, घड्याळ लावतो आणि ज्याला जास्त वेळ लागला त्याचा आकडा धरतो. साडेतीन मिनिटे लागली तर चार लिहितो. घोटाळा होतो तो रजिस्टर बघावे लागेल अशा प्रश्नाने. ‘गेल्या तीन महिन्यांत किती पॅटर्न दुरुस्तीला दिले?’ इथे माणूस थांबतो. मग एक तर फॉर्म तसाच सोडतो, नाही तर मनाने १० किंवा २० टाकतो. एका रकान्यात असे गोल आकडेच दिसू लागले की प्रश्न चुकला समजावे. आम्ही तिथे पर्याय देतो: एकही नाही, १ ते ५, ५ पेक्षा जास्त.

‘आपले मत जाणून घेण्यासाठी’ या शब्दांतून कुणाला काहीच कळत नाही. उत्तरांवर कोणता निर्णय ठरणार, तो सरळ सांगावा. आमचा मेसेज असा असतो:

‘नमस्कार साहेब. ४ मिनिटांचे ६ प्रश्न आहेत, रजिस्टर बघावे लागणार नाही. पॅटर्न दुरुस्तीसाठी संध्याकाळची गाडी सुरू करायची की नाही, हे यावरून ठरवणार आहोत. कृपया गुरुवार, १२ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत भरावे. शुक्रवारी गाडीवाल्याशी बोलणी आहेत.’

खाली हाच मजकूर कन्नडमध्ये देतो, कारण आपल्या भागात मालक मराठी आणि सुपरवायझर कन्नड अशी जोडी बऱ्याच ठिकाणी असते. फॉर्मही दोन्ही भाषांत लागतो. नुसता मेसेज भाषांतरित केला तर पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते.

मुदतीला वार, तारीख आणि तास तिन्ही हवेत. ‘लवकरात लवकर’ लिहिले की काम उद्यावर जाते. पाच-सहा दिवस भरपूर झाले. महिनाभर दिला तर मेसेज खाली जाऊन विसरला जातो. महिनाअखेरीस माल पाठवण्याची गडबड असते आणि २० तारखेच्या आसपास ऑफिसात जीएसटीच्या रिटर्नची, म्हणून ते दिवस टाळतो. मुदतीचे कारणही खरेच असावे. बुधवारी सकाळी एकदाच आठवण करतो, तीही न भरलेल्यांनाच. त्यासाठी फॉर्ममध्ये फाउंड्रीचे नाव विचारावे लागते. नाव नको असेल तर मात्र आठवण सगळ्यांना जाणार, तेव्हा ‘भरला असल्यास धन्यवाद’ ही ओळ घालावी.

गुरुवारी सहा वाजता फॉर्म बंद करतो. आठवडाभरात गाडीचा निर्णय सगळ्यांना कळवतो, भरला नाही त्यांनाही.