माझा अनुभव: मोडीच्या कार्यशाळेचे तीन रिमाइंडर

दादर पश्चिमेला रविवार 15 मार्च 2026, सकाळी 10:30 ते 1. मोडी लिपीची प्राथमिक कार्यशाळा, जागा 40. आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि तासभर आधी असे तीन रिमाइंडर पाठवायचं काम माझ्याकडे होतं. तारीख, वेळ आणि पत्ता असलेला एकच मजकूर तीनदा पाठवला, तर दुसऱ्या वेळेपासून लोक तो उघडतच नाहीत. तिसऱ्यात नेमका बदललेला दरवाजा असला तरी तो वाचायचा राहून जातो. म्हणून प्रत्येक मेसेज लिहिताना मी एकच प्रश्न धरून बसले: हा वाचणाऱ्याला या क्षणी अजून काय करता येण्यासारखं आहे?

आठवडा हातात असेल तर घरातला जुना कागद शोधता येतो. मोडी शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या घरात एखादं खरेदीखत किंवा वतनाचा कागद असतो. पण तो माळ्यावरच्या ट्रंकेत असतो, नाहीतर गावी काकांकडे. शनिवारी रात्री 'येताना कागद आणा' म्हटलं तर कोणी आणू शकत नाही. म्हणून पहिला मेसेज 8 मार्चला, रविवारी सकाळीच पाठवला, म्हणजे शोधायला सुट्टीचा अख्खा दिवस मिळाला. त्यात नवीन होतं ते एवढंच: मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. कागद घडीवर फाटत असेल तर मशीनवर दाबू नका. खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल बरोबर वर धरून फोटो घ्या आणि त्याची ए-फोर प्रिंट काढा. गावाहून मागवायचा असेल तर आजच फोन करा.

याच मेसेजमध्ये दुसरी विनंती होती: जमणार नसेल तर बुधवारपर्यंत 'नाही' एवढंच कळवा. 'येणार असाल तर हो म्हणा' असं मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण येणारे बरेच जण उत्तर देत नाहीत आणि मग शांततेचा अर्थ लावता येत नाही. बुधवार यासाठी, की प्रतीक्षा यादीतल्या माणसालाही कागद शोधायला तीन दिवस मिळावेत. 'नाही' शनिवारी कळलं तर ती खुर्ची रिकामीच राहते.

पहिल्या मेसेजचा आणखी एक उपयोग आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्यांच्यापर्यंत पोचते, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला आहे. बाकीच्यांना मेसेज जातच नाही आणि आपल्याला तसं कोणी सांगतही नाही. पाठवल्यावर संध्याकाळी त्या मेसेजची माहिती उघडून कोणाकोणाला पोचला ती नावं पाहायची. यादीत नसलेल्यांना फोन करायचा आणि नंबर सेव्ह करायला सांगायचं. हे आठवडाभर आधी केलं तरच तासाभरापूर्वीच्या मेसेजवर भरवसा ठेवता येतो.

सर्वांत जास्त विचार दुसऱ्या मेसेजचा करावा लागतो, कारण मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉक. कोणत्या मार्गावर आणि कोणत्या स्थानकांदरम्यान ब्लॉक आहे, हे शुक्रवार-शनिवारपर्यंत स्पष्ट होतं. आठवडाभर आधी हे लिहिताच आलं नसतं. 'एक दिवस आधी' याचा अर्थ मी बरोबर चोवीस तास असा घेतला नाही. शनिवारी सकाळी 10:30ला अर्धे लोक कामावर असतात. संध्याकाळी 7ला पाठवला, की माणूस घरी असतो आणि पिशवी भरायची वेळही तीच असते.

ब्लॉक साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. म्हणजे 10:30ला पोचणाऱ्याला जाताना फारसा त्रास होत नाही. तो अडकतो 1 वाजता, परतताना. माटुंगा-मुलुंड जलद मार्गावर ब्लॉक असला तर जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, त्या जास्त थांबे घेतात आणि उशिरा पोचतात. दुपारी घरी कोणाचं जेवण, कोणाचं औषध असतं. म्हणून मेसेजमध्ये परतीचं वाक्य वेगळं हवं: 'जाताना गाड्या नेहमीच्या. परतताना मध्य रेल्वेवर ब्लॉक, वेळ जास्त धरा.' हा नमुना आहे. त्या शनिवारची सूचना वाचून मार्ग आणि वेळ भरायची, मागच्या महिन्याचा मजकूर चिकटवायचा नाही.

दादरच्या खाणाखुणाही तपासाव्या लागतात. 2023च्या डिसेंबरपासून तिथल्या फलाटांना सलग क्रमांक आहेत: पश्चिम रेल्वे 1 ते 7, मध्य रेल्वे 8 ते 14. जुन्या मजकुरात 'मध्य रेल्वेच्या फलाट 1वरून पूल चढा' असं राहिलं, तर माणूस भलत्याच बाजूला निघतो.

या मेसेजमध्ये 'उद्या' हा शब्द एकटा वापरू नका. मोबाइल बंद असला तर मेसेज रविवारी सकाळी उघडतो आणि 'उद्या'चा सोमवार होतो. 'उद्या, रविवार 15 मार्च' असं पूर्ण लिहावं.

तासाभरापूर्वीचा मेसेज 9:30चा. पण त्या वेळी डोंबिवलीचा माणूस गाडीत उभा असतो आणि माटुंग्याचा चहा पीत असतो. 'निघा आता' हे पहिल्याला निरुपयोगी आहे. दोघांच्याही कामाचं एकच उरतं: आत शिरायचं कुठून? आमच्या इमारतीचं पुढचं फाटक रविवारी बंद असतं, आणि मागचं उघडलं की नाही हे मी स्वतः तिथे उभी राहून पाहिल्यावरच कळतं. त्यामुळे हा मेसेज मी आधीपासून वेळ लावून ठेवत नाही, मजकूर तयार ठेवून हाताने पाठवते. पोस्टर जोडत नाही, कारण गाडीत नेटवर्क तुटतं आणि चित्र फिरत राहतं. कामाची गोष्ट पहिल्याच ओळीत हवी, म्हणजे मेसेज न उघडता वरच्या पट्टीत दिसते.

व्हॉट्सअ‍ॅप न वापरणाऱ्या ज्येष्ठांना हाच मजकूर एसएमएसने जातो. देवनागरी एसएमएसच्या एका तुकड्यात 70 अक्षरंच मावतात आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'स्त्री'ची तिथे सहा होतात. माझा मजकूर हा होता:

हॉल उघडला. मागचं फाटक, दुसरा मजला, डावा जिना. 10:30 ला सुरू.

रिकाम्या जागा धरून 60.

पहिले दोन ईमेलनेही जातात, तेव्हा पाठवणाऱ्या सेवेतलं घड्याळ भारतीय वेळेवर आहे का ते पाहा. ते यूटीसीवर राहिलं तर शनिवारी 7साठी लावलेला मेसेज रात्री 12:30ला पोचतो.

शेवटची अडचण उशिरा नाव देणाऱ्यांची. गुरुवारी कोणी प्रतीक्षा यादीतून आत आलं तर त्याचा पहिला मेसेज हुकलेला असतो. काही सेवा तो नुसता वगळतात, त्यामुळे झेरॉक्सचं त्याला कळतच नाही. म्हणून 8 मार्चनंतरच्या प्रत्येक नोंदणीच्या पोचपावतीतच कागदाची सूचना घातली, आणि त्यांनाही नंबर सेव्ह करायला तिथेच सांगितलं. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्यासाठी हॉलवर 10 झेरॉक्स ठेवल्या होत्या.