रिकाम्या प्रोफाइलवर पहिले रिव्ह्यू: देवगडच्या आमच्या टायपिंग सेंटरची वाटचाल

आमचं टायपिंग सेंटर देवगडला. अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, शाळेचे पेपर ही गावातली कामं वर्षभर असतात. पण आंब्याचा सीझन संपून पाऊस लागला की दुकानात फारसं कोणी येत नाही. म्हणून मी आणि माझी नणंद, आम्ही दोघींनी अपवर्कवर, म्हणजे जगभरातल्या गिऱ्हाइकांची कामं ऑनलाइन मिळतात त्या साइटवर, प्रोफाइल उघडलं. काम एकच ठेवलं: स्कॅन केलेल्या पीडीएफमधले तक्ते एक्सेलमध्ये नीट उतरवून देणं.

नवीन माणसाला वाटतं की रेट पाडला की काम मिळेल. आम्ही पानाचा रेट पाडला नाही, काम छोटं निवडलं. कारण तिथे केलेल्या कामाची रक्कम रिव्ह्यूच्या शेजारीच दिसते. शंभर पानं दहा डॉलरला केली, तर पुढचा गिऱ्हाईक तोच भाव मागणार. आठ पानं पंधरा डॉलरला केली, तर रक्कम लहान दिसते, पण भाव पडलेला दिसत नाही. सवलत दिली ती आमच्या वेळेत. प्रत्येक पान एकीने उतरवायचं आणि दुसरीने मूळ पानाशी ताडायचं, आणि त्या ताडण्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत.

छोट्या कामाचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. रिव्ह्यू देता येतो तो कॉन्ट्रॅक्ट बंद झाल्यावर. तासांवर चालणारं लांबलचक काम महिनोन् महिने उघडं राहतं आणि तोवर प्रोफाइल कोरंच. ठरावीक रकमेचं छोटं काम आठवड्यात मिटतं.

अर्ज करताना कनेक्ट्स, म्हणजे साइटवर अर्जासाठी लागणारी टोकनं, खर्ची पडतात, त्यामुळे आधी गिऱ्हाइकाचा इतिहास वाचायचा. पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आणि आधीच्या लोकांना त्याने दोन ओळी तरी लिहिल्यात का? जो कोणालाच काही लिहीत नाही, तो आम्हालाही लिहिणार नाही. आणि 'पन्नास पानं टाइप करा, हजार डॉलर घ्या, टेलिग्रामवर या' असं दिसलं की सरळ पुढे जायचं. कोऱ्या प्रोफाइलवाल्यांनाच असे लोक गाठतात आणि मग नोंदणीचे पैसे मागतात.

आमचं सुरुवातीचं एक काम सांगते. जर्मनीतल्या एका हार्डवेअर दुकानदाराची किमतींची यादी होती, आठ पानं. जाहिरातीला एक पान नमुन्याला जोडलेलं होतं. नणंदेने ते मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "वयनी, ह्यो आकडो बघ मगे. टिंबाच्या जाग्यार स्वल्पविराम आसा." आकडा होता 1.250,00. जर्मनीत टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये एक्सेल त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतं. तो सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि बेरजेत धरला जात नाही. त्याहून वाईट म्हणजे 1.250 एवढंच असेल तर एक्सेल ते मुकाट सव्वा म्हणून घेतं.

आम्ही अर्जात स्वतःची ओळख एका ओळीत आटोपली आणि थेट हाच प्रश्न विचारला: आकडे तुमच्या पद्धतीने ठेवायचे की बेरीज होईल असे करून द्यायचे? काम मिळालं ते त्या प्रश्नावर, तसं त्या गृहस्थांनी नंतर कळवलं.

पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत साइटच्या ताब्यात, जमा झालेले दिसेपर्यंत सुरुवात केली नाही. मुदत मागताना दोन दिवस जास्त धरले, कारण पावसात वीज आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. रांगेवर छापलेली बेरीज एक्सेलच्या बेरजेशी जुळवली. जिथे जुळली नाही तिथे बहुधा स्कॅनमधला 5 हा S झालेला असायचा, किंवा 1 चा l. दोन किमती मूळ पानावरच पुसट होत्या. त्या अंदाजाने न भरता सेल पिवळे करून शेजारी तसं लिहिलं.

फाइल दिल्यावर गिऱ्हाइकाला तपासायला १४ दिवस असतात. या गृहस्थांनी पैसे लगेच सोडले, पण कॉन्ट्रॅक्ट उघडंच राहिलं. असं पुष्कळदा होतं. आम्ही एवढंच लिहिलं की आणखी काही बदल नसतील तर कॉन्ट्रॅक्ट बंद केलंत तरी चालेल. चांगला रिव्ह्यू द्या, त्याबद्दल सूट देतो, असली भाषा नियमात बसत नाही आणि आम्हाला ती करायचीही नव्हती. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंना अभिप्राय द्यायला १४ दिवस मिळतात, आणि दोघांनी लिहीपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचं दिसत नाही. आम्ही आमचा त्याच दिवशी लिहिला. त्यांच्या रिव्ह्यूत पिवळ्या सेलचा उल्लेख आला.

असे थोडे रिव्ह्यू जमल्यावर पानाचा रेट वाढवला आणि ताडणीचे पैसे त्यात धरले. त्याच दुकानदाराचा मोठा कॅटलॉग पुढे आला. तो वाढीव रेटने घेतला, टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी एस्क्रोमध्ये.