दुपारी १०० वर घसरणारी लिंक: दोषी कूलर नव्हे, पत्र्याखालचा जोड

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की ओसरीतल्या राउटरपासून मागच्या स्लॅबच्या खोलीपर्यंत केबल पोचली, गिगाबिट मिळालं, आता फक्त केसिंग पट्टीची झाकणं बसवायची. झाकणं अजून पिशवीतच आहेत. वरूडकडचं ऊन तापायला लागलं आणि लिंक दुपारी घसरायला लागली. सकाळी १००० एमबीपीएस, बाराच्या पुढे कधीतरी एक झटका बसून १००. संध्याकाळी प्लग काढून परत लावला की पुन्हा १०००. एकदा खाली उतरलेली लिंक आपणहून वर चढत नाही, जुळणी नव्याने व्हावी लागते, म्हणून घसरण नेमकी कधी होते ते मला लॉगमध्येच दिसलं:

```
Link is Down
Link is Up - 100Mbps/Full
```

घरातल्या सगळ्यांचं बोट कूलरकडे. संशयाला आधारही होता, कारण कूलरही बारालाच सुरू होतो आणि त्याची लाइन त्याच पडवीतून जाते. पण आपली केबल समोरच्या भिंतीवरून आहे. माजघरात ती लाइनच्या पाइपाला समांतर जाते तिथेही मधे चांगलं वीतभर अंतर ठेवलंय, आणि लाइन ओलांडायची ती एकाच जागी, काटकोनात. आमचा वायरमन या सगळ्यावर तेव्हापासून वैतागलेला. "दादा, कायले दोन-दोन पाइप टाकता? लाइनच्याच पायपात घुसवून देऊ ना, काही होत नाही!" होत नाही ते उंदीर येईपर्यंत. डेटा केबलचं आवरण २३० व्होल्टसाठी बनलेलंच नसतं. एका पाइपात दोन्ही असल्या आणि लाइनची वायर कुरतडली गेली, तर करंट थेट राउटरच्या पेटीत आणि तिथून हाताशी. वेग हा त्यानंतरचा मुद्दा.

तरी कूलरची शंका फेडून घेतली. रात्री, पडवीचा पत्रा गार झाल्यावर, कूलर पूर्ण वेगात चालवला. लिंक १००० वर ठाम. मग दुपारी कूलर बंद ठेवला, आणि लिंक घसरलीच. बाहेरचा गोंधळ केबलमध्ये शिरत असेल तर आधी चुका वाढताना दिसतात. त्यासाठी

```
ethtool -S eth0 | grep -i crc
```

हा आकडा बघत बसलो. कूलर चालू-बंद केला, शेतीची लाइन आल्यावर विहिरीवरची मोटारही सुरू झाली, आकडा हलला नाही. समांतर अंतर आणि काटकोन यांनी आपलं काम केलं होतं.

मग उष्णता? पत्र्याखाली थर्मामीटर टांगला तर ५० च्या वर गेला. केबल तापली की सिग्नल जास्त झिजतो, हे खरं आहे. आपण १०० मीटर, १०० मीटर म्हणतो त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरलेल्या असतात, आणि तो हिशोब २० अंशांचा आहे. बिनशिल्डच्या केबलला ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि पुढे ६० पर्यंत ०.६ टक्के झीज जास्त धरतात. म्हणजे सगळी केबल ६० अंशांवर असेल तर ९० चे ७५ मीटर उरतात. लांब गोठा किंवा पत्र्याचं गोदाम असलेल्यांनी हा आकडा लिहून ठेवा. आपली लांबी मात्र केबलवरच्या छापील मीटरखुणांवरून मोजली: नवा तुकडा ३७, जुना २१, एकूण ५८. आणि पत्र्याखाली त्यातला थोडाच भाग. नुसत्या उन्हाने ५८ मीटरला गिगाबिट सुटायला नको.

इथे अडकून पडलो होतो. उत्तर मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरनेच दिलं. त्याचं नेटवर्क कार्ड केबल तपासू शकतं (सगळी कार्डं हे करत नाहीत). भर दुपारी `ethtool --cable-test eth0` चालवलं:

```
Pair A code OK
Pair B code OK
Pair C code OK
Pair D code Open Circuit
Pair D, fault length: 23.20m
```

चौथी जोडी म्हणजे तपकिरी, पिन ७ आणि ८. आता सगळं जुळतं. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी सुटली की लिंक तुटत नाही, पायरी उतरते. आणि २३ मीटर म्हणजे २ मीटरची पॅच कॉर्ड अधिक २१ चा जुना तुकडा. बरोबर त्या जागी, पत्र्याच्या पट्टीला लागून, जुना तुकडा नव्याला जोडणारा जोडडबा आहे. जुना तुकडा पूर्वीच्या कॅमेरेवाल्याने टाकलेला.

शिडी लावून डबा उघडला. हात लागला तर चटका बसला. आतली तपकिरी वायर खाचेत होती, पण नखाने ढकलली तर हलत होती. ब्लेडने वायर खरवडली: वरून तांबूस, आत पांढरी. सीसीए! ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं-आक्रसतं आणि दाबाखाली हळूहळू चेपतं, म्हणून खाचेतली पकड रोजच्या तापण्या-निवण्यात ढिली होत जाते. उघड्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो तो वेगळाच. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात कॅट-६. अमरावतीच्या एका दुकानातही मला हाच माल "तांब्यासारखाच" म्हणून दाखवला होता, जवळजवळ निम्म्या भावात. माझं मत: खरवडून दाखवायला जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून पॅच कॉर्डसुद्धा घेऊ नका.

आधी ठरवलं होतं की जोड नवा करायचा, शुद्ध तांब्याचा २१ मीटरचा तुकडा लावायचा आणि विषय संपवायचा. पण शिडीवर उभं राहूनच वाटलं, पत्र्याखाली जोड हवाच कशाला? आता ओसरीपासून खोलीपर्यंत एकसंध केबल ओढलीय, आणि पडवीत पत्र्याऐवजी उत्तरेच्या भिंतीवरून, खिडकीच्या खालच्या पातळीने. लांबी ६४ मीटर झाली, चालेल. मागच्या भिंतीतलं छिद्र बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडलं आणि बाहेर केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न येता झोळातून ठिबकेल. दोन्ही टोकांना भिंतीतले आय-ओ बॉक्स, तिथपर्यंत पक्की केबल, पुढे मऊ पॅच कॉर्ड. पक्क्या केबलवर थेट प्लग मारून ती रोज वाकवायची, हे मला पटत नाही.

काल दुपारी दोनला, पत्रा पेटलेला असताना `iperf3` चालवलं. ९४१ एमबीपीएस, आणि तिथून हललं नाही. चहा थंड झाला तरी बघत बसलो.

२५ मिमीच्या पाइपात जागा उरलीय, म्हणून आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली. तिच्यावरून दुसरी केबल ओढून गोठ्याच्या कॅमेऱ्याला न्यायचं ठरलं होतं, पण हे लिहिताना बेत बदलतोय. गोठा अंगणापलीकडे, वेगळ्या छपराचा. मृगाच्या विजा कडाडतात तेव्हा उघड्यावरून तांबं नेऊन राउटरला धोक्यात घालायची माझी इच्छा नाही. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर. कॅमेऱ्याला वीज त्यातून मिळणार नाही, ती गोठ्यातूनच घ्यावी लागेल. पातळ आवरणाची फायबर उंदरांपुढे किती टिकते, याचा कोणाला अनुभव असेल तर सांगा, नाहीतर जाड आवरणाचीच मागवतो.