तुम्ही विचारलंत म्हणून: महिन्यांचे नंबर

"ताई, एक्सेलच्या पिव्हटमध्ये फक्त महिने एप्रिलपासून लावायचेत ना, मग माऊसने ओढून लावा की, त्यासाठी डेटात वेगळा कॉलम कशाला?"

पिव्हट म्हणजे बिलांच्या लांब यादीवरून महिनावार किंवा पार्टीवार बेरजा एक्सेल आपोआप काढून देतं तो तक्ता. हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो, त्यात मार्च-एप्रिलमध्ये जास्त, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात "तुम्हाला एवढं पण येत नाही?" हे अर्धं लपवलेलं असतं. येतं हो. ओढता येतं हे मला माहितीये. बारा वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटचे अकाउंट्स बघतेय, त्यातली निम्मी वर्षं मी ओढूनच लावत होते. जानेवारीवर क्लिक करून तिथे Apr टाइप केलं की एप्रिल उडी मारून वर येतो, ही युक्ती मीच ऑफिसमधल्या चौघांना शिकवली, आणि कॉलम बनवणाऱ्यांना मी तेव्हा मनातल्या मनात हसायचे की एवढ्याशा कामाला फॉर्म्युला कसला लावताय.

तर त्या हसणाऱ्या बाईला मे २०२४ मध्ये काय झालं ते सांगते.

बँकेत सीसी लिमिट, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी बँकेकडून उचलता येणाऱ्या पैशाची मर्यादा, वाढवायचं होतं. बँकेने दोन आकडे मागितले होते, २०२३-२४ ची सप्टेंबरअखेरची विक्री आणि पूर्ण वर्षाची, दोन्ही त्याच्या आदल्या वर्षाशी तुलना करून. माझ्याकडे पिव्हट तयारच होतं. ओळींमध्ये महिना, एका कॉलमात त्या महिन्याची विक्री, शेजारी Show Values As मधून Running Total In लावलेली, म्हणजे त्या महिन्यापर्यंतची बेरीज. महिने मी ओढून एप्रिल ते मार्च लावलेले होते. सगळं ठीक.

आदल्या संध्याकाळी सर म्हणाले, "मॅडम, पार्टीवाइज पण काढा, नावं अक्षरांप्रमाणे लावा." मी त्याच पिव्हटमध्ये पार्टीचा कॉलम आत टाकला, A to Z दाबलं, आणि ते दाबताना कर्सर पार्टीवर नव्हता, महिन्यावर होता. महिने जानेवारी ते डिसेंबर झाले. अक्षरांप्रमाणे झाले असते तर Apr, Aug, Dec असं विचित्र काहीतरी दिसलं असतं आणि मी दचकले असते, पण एक्सेलच्या पोटात Jan ते Dec ही यादी आधीपासूनच भरलेली असते आणि पिव्हट सॉर्ट करताना तीच वापरतं, त्यामुळे आलेला क्रम कॅलेंडरसारखा अगदी शहाणा दिसत होता.

आणि आता खरं सांगते, मला दिसलं होतं. जानेवारी वर आलाय हे मला दिसलं होतं. साडेसात वाजले होते, द्वारका चौकात ट्रॅफिक लागणार होतं, आणि मी स्वतःला म्हटलं की क्रम म्हणजे दिसण्याचा प्रश्न, आकडे थोडीच बदलतात.

बदलतात. रनिंग टोटल पिव्हटमध्ये जो क्रम दिसतो त्याच क्रमाने बेरीज करत जाते, तारखेशी तिला काही देणंघेणं नाही. आमची विक्री लाखांत अशी होती: एप्रिल १८, मे २०, जून १६, जुलै १५, ऑगस्ट १९, सप्टेंबर २२. सहा महिन्यांचे झाले ११०. पुढे ऑक्टोबर २४, नोव्हेंबर १४ कारण दिवाळीची सुट्टी, डिसेंबर २१, आणि जानेवारी ते मार्च २३, २५ आणि ३४, म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांचे ८२. आता जानेवारी वर गेला की हे ८२ सगळ्यात आधी मोजले जातात. एप्रिलसमोर १८ ऐवजी १०० येतात, आणि सप्टेंबरसमोर ११० ऐवजी १९२. पूर्ण वर्षाची बेरीज मात्र २५१ ती २५१च, त्यात काडीचा फरक नाही, आणि मी टॅली करताना नेमकी तेवढीच तपासली. विक्रीच्या खात्याशी जुळली, झालं, निघाले घरी.

बँकेच्या कागदावर गेलं: सप्टेंबरअखेर १९२ लाख, आदल्या वर्षी १०२. सर खुश. गाडीत बसल्यावर दोनदा म्हणाले, "मॅडम, मला वाटलंच होतं धंदा वाढलाय." बँकेतल्या साहेबांनी कागद बघितला, जीएसटीची रिटर्न्स समोर ओढली, एप्रिल ते सप्टेंबर कॅल्क्युलेटरवर मारली, आणि काहीच न बोलता कॅल्क्युलेटर सरांकडे फिरवला. त्यावर ११० होते. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चेक करून सांगते", आणि लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे पाच मिनिटं मला कळेचना काय चुकलंय, कारण प्रत्येक महिन्याची विक्री बरोबर होती आणि एकूण बेरीजही बरोबर होती. शेवटी सप्टेंबरच्या वरच्या ओळी मोजल्या तर पाचच्या जागी आठ निघाल्या.

साहेब एवढंच म्हणाले की बाकीचेही आकडे परत तपासून आणा. लिमिट मिळालं, पण दोन महिने उशिरा. उशीर माझ्यामुळेच झाला असं सर कधी बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं.

यावर लोक म्हणतात की चूक A to Z ची होती, ओढण्याची नव्हती. बरं. पण ओढून लावलेला क्रम त्या एका पिव्हटमधल्या त्या एका फील्डच्या गळ्यात असतो, डेटात नसतो. नवीन पिव्हट केलं की तो क्रम तिथे नसतो, कोणी सॉर्ट दाबलं की गेला. शिवाय ती टाइप करायची युक्ती, जी मीच शिकवलीय, ती अजून वाईट. Jan वर Apr ऐवजी घाईत Aprl टाइप झालं तर एक्सेलला तो नवा महिना सापडत नाही, मग ते जानेवारीचंच नाव बदलून Aprl ठेवतं, रिफ्रेश केलं तरी तसंच राहतं, आणि जानेवारीचे आकडे त्या नावाखाली बसून राहतात. आमच्याकडे एका पोराने हे करून दाखवलंय.

म्हणून कॉलम. डेटात, बिलाच्या तारखेशेजारी. तारीख A2 मध्ये आहे असं धरा:

```
=TEXT(MOD(MONTH(A2)-4,12)+1,"00")&"_"&TEXT(A2,"mmm")
```

महिन्याच्या नंबरातून ४ वजा केले की एप्रिलचा शून्य होतो आणि मार्चचा उणे एक, MOD त्या उणे एकाचे ११ करतं, वर एक मिळवला की एप्रिल १ आणि मार्च १२. पुढे शून्य लावायचं कारण हे मजकूर म्हणून सॉर्ट होतं, शून्य नसेल तर १० नंबर २ च्या आधी येईल. मग `01_Apr` पासून `12_Mar` पर्यंत कोणीही, कुठल्याही कॉम्प्युटरवर, A to Z दाबा, दाबतच रहा, क्रम तोच. मधे हायफन का नाही हे पण विचारतात, तर `01-Apr` ठेवलं आणि फाइल CSV करून परत उघडली की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, एक एप्रिल, चालू वर्षाची.

वर्षासाठी दुसरा कॉलम:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

जानेवारी २०२४ चं बिल यात २०२३ मध्ये जातं, म्हणजे २०२३-२४. याचा एक फायदा मला नंतर कळला. तारीख रिकामी राहिलेली ओळ असेल तर एक्सेल तिला जानेवारी १९०० समजतं, म्हणजे ती गुपचूप `10_Jan` मध्ये जाऊन बसते आणि जानेवारी फुगतो. पण वर्षाच्या फिल्टरमध्ये तीच ओळ १८९९ म्हणून दिसते. १८९९ दिसलं की समजायचं कोणीतरी तारीख टाकायची विसरलंय.

आणि रनिंग टोटल असेल तर फक्त दोन ओळी बघायच्या. पहिल्या ओळीत महिन्याची विक्री आणि चढती बेरीज सारखी हवी, आणि ती ओळ एप्रिलची हवी. मार्चच्या ओळीतली चढती बेरीज एकूण बेरजेएवढी हवी. माझ्या त्या पिव्हटमध्ये मार्चसमोर ८२ होते आणि एकूण २५१, एकदा नजर टाकली असती तरी कळलं असतं.

आता माझंच जुनं मन मला विचारतं की मग कस्टम लिस्ट का नाही, File, Options, Advanced मध्ये खाली Edit Custom Lists असतं, तिथे आपला क्रम एकदाच भरायचा. भरलाय मी. कामांच्या यादीसाठी अजून वापरते, "तातडीचं, या आठवड्यात, नंतर" असा. पण ती लिस्ट कॉम्प्युटरवर राहते. साध्या डेटाला Sort च्या खिडकीतून ती लावली तर तो क्रम फाइलसोबत जातो, पिव्हटचा भरवसा मी धरत नाही. गोडाउनमधल्या दादांनी ती फाइल त्यांच्या मशीनवर रिफ्रेश केली तर क्रम झाला तातडीचं, नंतर, या आठवड्यात, म्हणजे शुद्ध अक्षरांप्रमाणे. पहिलं नाव बरोबर जागी होतं म्हणून तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि दादा "नंतर"ची कामं आधी उरकत बसले. मग तिथेही नंबर लावा ना, असं तुम्ही म्हणाल. लावायला हवेत. अजून लावलेले नाहीत, कारण "१_तातडीचं" मला डोळ्याला सहन होत नाही, हे काही कारण नाही हे मला कळतं.

पॉवर पिव्हटमध्ये Sort by Column असतं, तिथे महिन्याचं नाव साधं Apr ठेवून क्रम दुसऱ्या नंबराच्या कॉलमावरून घेता येतो, नंबर दिसत नाही. सुंदर आहे. पण एका महिन्याच्या नावाला दोन वेगळे नंबर सापडले की ते सरळ एरर देतं, आणि माझ्यानंतर फाइल उघडणाऱ्या माणसाला तो कॉलम कुठे लपलाय हे शोधता आलं पाहिजे. आमच्या ऑफिसात तो माणूस अजून नाही.

सरांना ते नंबर आवडत नाहीत. "मॅडम, हे शून्य एक काय आहे, काढा ना, पार्टीला पाठवायचंय." मग मी पिव्हट वेगळ्या शीटवर व्हॅल्यू म्हणून पेस्ट करते, तिथे नंबर हाताने खोडते आणि पाठवते. गेल्या महिन्यात खोडताना `06_Sep` चं चुकून Dec केलं होतं. पाठवायच्या आधी दिसलं.